डेर, डी, डास: शब्दाची शेपटी धरा

चमचा तो, सुरी ती, ताट ते. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, आणि असं का म्हणून कुणी विचारलं तर सांगताही येत नाही. जर्मन माणसाच्या जेवणाच्या टेबलावरही हीच तऱ्हा असते. चमचा म्हणजे ल्योफेल, तो डेर. काटा म्हणजे गाबेल, ती डी. सुरी म्हणजे मेसर, ते डास. डेर म्हणजे पुल्लिंग, डी म्हणजे स्त्रीलिंग, डास म्हणजे नपुंसकलिंग. प्रत्येक नामाच्या मागे या तिघांपैकी एक उभा असतोच. (आपल्या कानाशी गुणगुणणारा डास पुल्लिंगी, जर्मन डास नपुंसकलिंगी, आणि त्या कीटकाला जर्मनमध्ये म्हणतात म्युके, ती स्त्रीलिंगी. सुरुवातीलाच हे हसून घ्यावं, म्हणजे पुढे त्रास होत नाही.)

मी जर्मन शिकवते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात एक जण विचारतोच, ‘मॅडम, मराठी लिंगावरून जर्मन लिंग ओळखता येतं का?’ तिसरं लिंग आपल्याला नवं नाही. हिंदीभाषक विद्यार्थी नपुंसकलिंगाशी अडखळतो, आपण अडखळत नाही. पण मराठीचं लिंग तिकडे नेलं की फजिती होते. घर ते आणि हाउस डास, इथे जमलं. चंद्र तो आणि मोंड डेर, हेही जमलं. पण झाड ते, तर बाउम डेर. सूर्य तो, तर झोने डी. तेव्हा मराठीचं लिंग नेऊ नका. मराठीत तुम्ही लिंग ओळखता कसं, ती रीत मात्र न्या.

ती रीत अशी. ‘स्वच्छता’ हा शब्द ऐकलात, तर ती स्वच्छता हे तुम्ही विचार न करता म्हणता. मानवता, एकता, क्षमता या सगळ्या ‘ती’. उलट नेतृत्व, महत्त्व, व्यक्तित्व ही सगळी ‘ते’. म्हणजे मूळ शब्दाला विचारायची गरजच नाही, शेवटी लागलेला प्रत्यय लिंग ठरवतो. जर्मनमध्ये हीच युक्ती सगळ्यात पक्की आहे. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ या प्रत्ययांचे शब्द डी असतात. वर्तमानपत्र म्हणजे त्साइटुंग, राहतं घर म्हणजे वोनुंग, बिल म्हणजे रेश्नुंग, स्वातंत्र्य म्हणजे फ्राइहाइट, मैत्री म्हणजे फ्रॉइंडशाफ्ट; सगळ्या डी. परभाषेतून आलेल्या ‘त्सिओन’ आणि ‘टेट’ या शेपट्याही तशाच: इन्फ्लात्सिओन डी, उनिव्हेर्झिटेट डी.

आता कुणीतरी हात वर करून म्हणेल की श्प्रुंग, म्हणजे उडी, हा शब्द ‘उंग’ने संपतो आणि तरी डेर आहे. बरोबर आहे. पण मराठीतला ‘नेता’ही ‘ता’ने संपतो. वक्ता, श्रोता, पिता हेही संपतात. त्यांना आपण ‘ती’ म्हणत नाही, कारण तिथला ‘ता’ हा स्वच्छतेतला ‘ता’ नाही. ‘स्वच्छता’तून ‘ता’ काढला तर ‘स्वच्छ’ उरतो, धडधाकट शब्द. ‘नेता’तून काढला तर ‘ने’ उरतो आणि अर्थ हरवतो. जर्मनमध्येही हीच कात्री चालवायची. रेश्नुंगमधून ‘उंग’ काढा, मागे ‘रेश्न’ उरतं, तो हिशेब करणे या क्रियापदाचा गाभा आहे. श्प्रुंगमधून ‘उंग’ काढलं की उरतं नुसतं ‘श्प्र’. म्हणजे तिथे प्रत्यय नव्हताच. या एका कात्रीने ‘उंग’चे जवळजवळ सगळे अपवाद निकालात निघतात.

प्रत्ययाच्या हाती एवढी सत्ता का, याचं उत्तर मला फार आवडतं. ‘हाइट’ हा आज नुसता प्रत्यय असला तरी एके काळी तो स्वतंत्र शब्द होता, अवस्था किंवा प्रकार अशा अर्थाचा. इंग्रजी ‘चाइल्डहुड’मधला ‘हुड’ त्याचाच भाऊ. म्हणजे फ्राइहाइट हा मुळात एक समास होता. आणि जर्मन समासाचा कायदा असा की लिंग शेवटच्या शब्दाचं. हात म्हणजे हांट, ती डी. बूट म्हणजे शू, तो डेर. हाताचा बूट म्हणजे हातमोजा, हांटशू, तो डेर. घराचं दार हाउसट्यूर; हाउस डास असलं तरी ट्यूर डी आहे म्हणून पूर्ण शब्द डी.

जर्मनीला गेलेल्या प्रत्येकाच्या खिशात आरोग्यविम्याचं एक कार्ड येतं. त्याचं नाव क्रांकनफेअरझिशेरुंग्सकार्टे. हा शब्द पाहून विद्यार्थ्याचा घसा कोरडा पडतो, पण लिंगाच्या दृष्टीने यापेक्षा सोपा शब्द शोधून सापडायचा नाही. आगगाडीचे पुढचे सगळे डबे सोडून द्या, शेवटचा डबा ‘कार्टे’, ती डी. संपलं. या कायद्याला बगल देणारा रोजच्या वापरातला शब्द म्हणजे बुधवार, मिटवोख. शब्दशः आठवड्याचा मध्य. आठवडा म्हणजे वोखे, ती डी, पण मिटवोख डेर, कारण बाकीचे सहाही वार डेर आहेत आणि सात भावंडांत एकटीच बहीण राहिली नाही.

आता दोन शेपट्या खास मराठी माणसाच्या सोयीच्या. पहिली ‘लिंग’. हो, जर्मनमध्ये ‘लिंग’ नावाचाच प्रत्यय आहे, आणि तो नेहमी पुल्लिंगी. वसंत ऋतू फ्र्यूलिंग, फुलपाखरू श्मेटरलिंग, शिकाऊ कामगार लेअरलिंग, सगळे डेर. जुळ्यांपैकी एक म्हणजे त्स्विलिंग. मग ती मुलगी असली तरी शब्द डेरच राहतो. हा नियम मला वर्गात कधी दुसऱ्यांदा सांगावा लागलेला नाही.

दुसरी शेपटी ‘शेन’. ती लहानपण दाखवते आणि शब्दाला डास करून टाकते. मुलगी म्हणजे मेडशेन आणि ती डास, यावर जगभरचे विद्यार्थी कपाळावर हात मारतात. मराठी माणसाने मारू नये. आपण ‘पोरगं’ म्हणतो, ‘लेकरू’ म्हणतो, ‘मूल’ म्हणतो, तेव्हा समोर मुलगी असली तरी शब्द ‘ते’च असतो. मेडशेनच्या मुळाशी माग्ड हा शब्द आहे, म्हणजे तरुण मुलगी किंवा दासी, आणि माग्ड डीच आहे. तिला लाडाने लहान केलं, ‘शेन’ लावला, आणि ती डास झाली. आपली वासरू, कोकरू, शिंगरू, करडू, पिल्लू ही सगळी ‘ते’ आहेत ना? जर्मनमध्ये वासरू काल्प, कोकरू लाम, शिंगरू फोलन, कोंबडीचं पिल्लू क्यूकन. सगळी डास, प्रत्यय न लावतासुद्धा.

‘शेन’मध्ये एक चकवा आहे, पण तो डोळ्यांना, कानांना नाही. केकला म्हणतात कूखन. लिहिताना त्याची शेवटची अक्षरं मेडशेनसारखीच दिसतात, म्हणून नवशिका त्याला डास म्हणतो. पण उच्चार ऐका: एकात ‘श’कडे झुकणारा आवाज, दुसऱ्यात घशातला ‘ख’. कूखनमध्ये प्रत्यय नाही, तो डेर. गाय म्हणजे कू, आणि तिला लाडाने ‘शेन’ लावला तर होते कूशेन, गाईटली, ती डास. लिहिताना दोघांत फक्त एका अक्षराचा फरक, बोलताना केक आणि गाय कधीच एक होत नाहीत.

इथपर्यंत जमीन टणक आहे. पुढे थोडा चिखल लागतो.

‘ए’काराने संपणारे शब्द साधारण दहापैकी नऊ वेळा डी असतात: लाम्पे, ब्लूमे, शूले, श्ट्रासे, म्हणजे दिवा, फूल, शाळा, रस्ता. हा नियम मराठीतल्या ‘ई’कारासारखा समजा. खुर्ची, भाकरी, काठी, गाडी या ‘ती’. पण पाणी, लोणी, दही ‘ते’, आणि हत्ती, पक्षी ‘तो’. जर्मन अपवादही असेच घरातले आहेत. चीज म्हणजे केझे, तो डेर. नाव म्हणजे नामे, तो डेर. डोळा म्हणजे आउगे, ते डास. शिवाय सिंह ल्योवे, माकड आफे, मुलगा युंगे असे जिवंत, पुरुषजातीचे शब्द ‘ए’कारान्त असूनही डेर राहतात. आणि शब्दाच्या डोक्यावर ‘गे’ असून तो समूह दाखवत असेल, तर शेवटचा ‘ए’ सोडून द्या आणि डास म्हणा: भाजी गेम्यूझे, डोंगररांग गेबिर्गे.

‘अर’ने संपणारे बहुतेक डेर. काम करणारा माणूस किंवा यंत्र असेल तर खात्रीने: शिक्षक लेअरर, कॉम्प्युटर कॉम्प्युटर. पण इथे कात्री विसरू नका. शिकवणे या क्रियापदाला ‘अर’ लागून शिक्षक झाला, म्हणून तो डेर. ज्या शब्दात ‘अर’ नुसताच शेवटी आलाय, प्रत्यय म्हणून नाही, तिथे काहीही होऊ शकतं. ‘एल’चंही तेच, कल डेरकडे पण भरवसा नाही. आणि या कशातच न बसणारा, एका अवयवाचा छोटा शब्द आला तर डेर म्हणून पुढे जावं, असं विद्यार्थी एकमेकांना सांगतात. त्याला आधारही आहे. क्लाउस-मिशाएल क्योप्के या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1982 साली एकावयवी जर्मन नामांचा मोठा संग्रह तपासला, तेव्हा त्यांत डेर सर्वांत जास्त निघाले. त्याच्या हाती आणखी बारकावेही लागले. ‘क्न’ने सुरू होणारे शब्द डेरकडे झुकतात: बटण क्नोप्फ, गाठ क्नोटन, हाड क्नोखन. गुडघा, क्नी, मात्र डास.

आता हे सगळं घेऊन जर्मन माणसाच्या न्याहारीच्या टेबलावर बसू. पंधरा वस्तू मांडल्या आहेत आणि आपल्याला फक्त वरच्या नियमांनी बोलायचं आहे.

कप टासे, नॅपकिन झेरव्हिएटे, जॅम मार्मेलाडे. तिन्ही ‘ए’कारान्त, तिन्ही डी म्हटलं, तिन्ही बरोबर. छोटा गोल पाव ब्र्योटशेन, शेवटी ‘शेन’, डास, बरोबर. बशी टेलर, साखर त्सुकर, दोन्ही ‘अर’, डेर म्हटलं, बरोबर. चमचा ल्योफेल, डेर, बरोबर. सात झाले. वाटतं, जमलं. मग काटा गाबेल. ‘एल’ म्हणून डेर म्हटलं, नाही, डी. सुरी मेसर. ‘अर’ म्हणून डेर, नाही, डास. लोणी बुटर, तेही ‘अर’, नाही, डी. चीज केझे, ‘ए’कार म्हणून डी, नाही, डेर. दूध मिल्श, छोटा शब्द म्हणून डेर, नाही, डी. मीठ झाल्त्स, डेर, नाही, डास. अंडं आय, डेर, नाही, डास. पाव ब्रोट, डेर, नाही, डास.

पंधरापैकी सात. डोळे मिटून काहीही बोलला असता तरी सरासरीने पाच बरोबर आले असते. एवढ्या नियमांची कमाई दोन गुण.

मग त्याच टेबलावरचं वर्तमानपत्र उचला. पहिल्या पानावर काय दिसतं? सरकार रेगीरुंग, निर्णय एन्टशाइडुंग, अर्थव्यवस्था विर्टशाफ्ट, सुरक्षा झिशरहाइट, आरोग्य गेझुन्टहाइट, बेकारी आर्बाइट्सलोझिशकाइट, महागाई इन्फ्लात्सिओन, समाज गेझेलशाफ्ट, विद्यापीठ उनिव्हेर्झिटेट. नऊच्या नऊ डी, एकही चूक नाही. अधूनमधून ‘टूम’ आणि ‘मेंट’ येतात, ते बहुतेक डास: वाढ वाक्सटूम, संसद पार्लामेंट. फक्त ‘निस’ दिसलं तर जपून. दाखला त्सॉइग्निस डास, पण परवानगी एअरलाउब्निस डी.

म्हणजे लोक समजतात त्याच्या नेमकं उलटं आहे. लांबलचक, अवघड, सरकारी शब्द लिंगाच्या बाबतीत गरीब गाई आहेत. खरे त्रासदायक आहेत ते दूध, मीठ, अंडं, पाव. असं का? लांब शब्द नंतर घडवलेले असतात आणि प्रत्ययांनी घडवलेले असतात, म्हणून त्यांना शेपटी असते. घरातले शब्द फार जुने. हजारो वर्षं तोंडात घोळून त्यांचे शेवट झिजले, लिंग मात्र राहिलं, आणि कशामुळे ठरलं होतं त्याची खूण गेली. मराठीत कान तो, जीभ ती, नाक ते. तिन्ही चेहऱ्यावरच आहेत, सांगा बघू नियम.

म्हणून माझा हिशेब सोपा आहे. स्वयंपाकघरातले, अंगावरचे, घरातले शे-दोनशे छोटे शब्द लिंगासकट पाठ करा, तिथे पळवाट नाही. ‘मिल्श’ पाठ करू नका, ‘डी मिल्श’ पाठ करा. बाकीच्या शब्दकोशाची शेपटी बघा.

शेपटी नसेल तिथे अर्थ कधी कधी मदतीला येतो. वार, महिने, ऋतू, दिशा डेर. क्योप्के आणि डेव्हिड झुबिन यांनी दाखवलेली एक गोष्ट तर फार देखणी आहे: वस्तूंची स्वतःची नावं डेर-डी असली, तरी त्या सगळ्यांना कवेत घेणारा जातिवाचक शब्द बहुधा डास असतो. सफरचंद आप्फेल डेर, पेअर बिर्ने डी, पण फळं म्हणजे ओप्स्ट डास. चमचा, काटा, सुरी यांची मगाशी तीन वेगळी लिंगं होती. तिघांना मिळून म्हणतात बेश्टेक, आणि ते डास.

नव्या वस्तूंना लिंग कुठून येतं, हे मराठी माणसाला विचारा. मारुती देव तो. पण शेजाऱ्याने ‘नवी मारुती घेतली’ म्हटलं की ती गाडी, आणि गाडी ती म्हणून मारुतीही ती. जर्मनमध्ये कारच्या ब्रँडचं नाव डेर असतं, कारण गाडीला म्हणतात वागन, तो डेर. मोटारसायकलच्या ब्रँडचं नाव डी, कारण तिला म्हणतात माशीने, ती डी. आता बीएमडब्ल्यू दोन्ही बनवते. त्यामुळे डेर बीएमडब्ल्यू म्हटलं की चार चाकं आणि डी बीएमडब्ल्यू म्हटलं की दोन. इतकं नेमकं लिंग मराठीतसुद्धा क्वचितच कामाला येतं. नद्यांत मात्र जर्मनांनी आपल्याला नाराज केलं आहे. त्यांच्या डोनाउ आणि एल्बे डी, ऱ्हाइन आणि माइन डेर, आणि आपली गंगा तिकडे गांगेस होऊन डेर झाली.

एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी, कारण नियम पाठ असूनही मुलं इथे पडतात. कानावर पडलेला डेर, डी खरा असेलच असं नाही. अनेकवचनात तिन्ही लिंगांना डीच लागतं. डास हाउस, पण घरं म्हणजे डी ह्योयझर. ऐकणारा ठरवतो, घर स्त्रीलिंगी. त्याला हसू नका. ‘ती घरं’ ऐकून मराठी शिकणाराही हेच ठरवतो. विभक्ती लागली की आणखी गोंधळ होतो. ‘लोण्यासोबत’ म्हणजे मिट डेर बुटर. इथे डेर ऐकून बुटर पुल्लिंगी समजलात तर फसलात. मिटच्या मागे स्त्रीलिंगी डीचंच डेर होतं. आपल्याकडेही ‘त्या मुलाला, त्या मुलीला, त्या झाडाला’ यात लिंग झाकून जातं. म्हणून वाक्यातून लिंग उचलू नका, शब्दकोशातल्या एकवचनावरूनच घ्या.

टेबलावर एक वाटी राहिली होती, दह्याची. योगुर्ट जर्मनीत बहुतेक जण डेर म्हणतात. ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये ते बहुधा डास आहे. आणि व्हिएन्नाकडच्या बोलण्यात डी योगुर्टही ऐकू येते. दही मागायचं असेल तर बिनधास्त मागा.